फोटो आहे, पण दिसत नाही

चोपड्यातल्या शेतकऱ्याने ई-पीक पाहणीच्या नोंदीचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावा, आणि तलाठ्याला दाखवायच्या वेळी तो गॅलरीत सापडू नये, असे सहज घडू शकते. अशा वेळी फोटो उडाला असे समजून रिकव्हरी ॲप टाकणे किंवा फोन रिसेट करणे घाईचे ठरेल. गॅलरी फोनची साठवण स्वतः धुंडाळत नाही. अँड्रॉइडने स्कॅन करून केलेल्या यादीवर ती चालते. फोल्डरच्या नावाआधी टिंब असेल किंवा आत .nomedia नावाची फाइल असेल, तर तो फोल्डर, उपफोल्डरांसह, यादीत येत नाही. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू केला की दोन्ही दिसू लागतात. त्याच फोल्डरमध्ये एक ताजा फोटो टाकून पाहावा. तोही दिसला नाही तर फोल्डरच लपलेला असावा; स्क्रीनशॉट साध्या फोल्डरमध्ये हलवावा. ताजा दिसला आणि फक्त जुनाच गायब असेल, तर स्कॅन राहिले असावे. फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. गॅलरीने सगळेच का दाखवू नये, असे कोणी विचारेल. तसे केले तर ॲपांची चिन्हे, स्टिकर आणि तात्पुरती चित्रे यांच्या गर्दीत हवा तो फोटो शोधणे अवघड होईल. म्हणून .nomedia दिसली की सरसकट पुसू नये. फक्त आपल्या फोल्डरमधली काढावी.