वाढीव वेगाचे पैसे, जुनेच यंत्र

जो माल ग्राहकाच्या हाती पडूच शकत नाही हे विक्रेत्याला ठाऊक आहे, त्याची किंमत आगाऊ वसूल करणे याला साध्या मराठीत फसवणूक म्हणतात. फायबर इंटरनेटच्या धंद्यात मात्र तिला ‘प्लॅन अपग्रेड’ असे गोंडस नाव मिळाले आहे.

एक उदाहरण घेऊ. एका शिक्षकाच्या घरी काही वर्षांपूर्वी 100 एमबीपीएसची जोडणी आली. मुलांचे शिक्षण आणि पत्नीचे घरून चालणारे काम यांसाठी त्यांनी दरमहा 300 रुपये जास्त मोजून 300 एमबीपीएसचा प्लॅन घेतला. 18 टक्के जीएसटी धरला, तर वर्षाचा जादा भार 4,248 रुपये होतो. प्लॅन बदलल्याचा संदेश आला, बिलही बदलले. वेग मात्र 94 च्या पुढे सरकेना. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘आमच्याकडून 300 सुरू आहे, दोष तुमच्या वायफायचा.’

या उत्तरात अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यच अधिक घातक असते. भिंतीवर बसवलेल्या ज्या पेटीला आपण मॉडेम म्हणतो, तिचे तांत्रिक नाव ओएनटी. तिच्यात शिरणारा काचेचा तंतू समर्थ आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत त्यावरून सुमारे 2,488 एमबीपीएसचा प्रवाह येतो आणि तो अनेक घरांत वाटला जातो. अडथळा आहे तो पेटीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर. जुन्या, स्वस्त पेट्यांची तांब्याच्या तारेची खाच ‘फास्ट इथरनेट’ जातीची, म्हणजे 100 एमबीपीएसची असते. त्यातून माहितीच्या वेष्टनाचा भाग वजा जाता हाती पडतात 94 ते 95. त्याच पेटीचे जुने, एकपदरी वायफायही प्रत्यक्षात क्वचितच याहून अधिक देते. मोठ्या नळाला अर्ध्या इंचाची तोटी बसवावी आणि पाणीपट्टी मात्र तिप्पट घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

आरोप करण्यापूर्वी मात्र कार्यकर्त्यांनी खात्री करून घ्यावी. लॅपटॉप वायफायऐवजी तारेने पेटीला जोडावा आणि विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये `Link speed` ही ओळ पाहावी. तेथे `1000/1000 (Mbps)` असेल, तर खाच निर्दोष आहे आणि दोष अन्यत्र शोधावा. `100/100 (Mbps)` दिसल्यास आधी तार बदलून पाहावी, कारण 1000 च्या वेगाला तारेतील आठही धागे लागतात, 100 ला चारच पुरतात. एक धागा तुटला तरी वेग खाली येतो. लॅपटॉपची स्वतःची खाच गिगाबिट आहे ना, हेही पाहावे. काही पेट्यांत एकच खाच वेगवान आणि बाकीच्या मंद असतात, म्हणून तार प्रत्येक खाचेत लावून पाहावी. एवढे करूनही आकडा 100 च राहिला, तर दोष पेटीचा आहे.

आता खरा प्रश्न. ही पेटी बहुधा कंपनीच्याच मालकीची असते. तिचा क्रमांक कंपनीच्या केंद्रातील यंत्रात नोंदवल्याशिवाय ती चालत नाही, आणि ती कोणत्या बनावटीची आहे हेही केंद्राला कळते. म्हणजे 300 चा प्लॅन विकताना ही पेटी तो पेलणार नाही, हे ग्राहकाला ठाऊक नव्हते, पण कंपनीला एका क्षणात कळू शकत होते. तिने पाहिले नाही, कारण न पाहण्यात नफा होता. साधन मालकाचे आणि त्याच्या जुनेपणाचा भुर्दंड वापरणाऱ्यावर, हा न्याय गिरणी कामगारांच्या परिचयाचा आहे! वर ‘300 पर्यंत’ या शब्दातील ‘पर्यंत’ची ढाल पुढे केली जाते. पण गर्दीच्या वेळी वेग कमी होणे वेगळे आणि कधीच, मध्यरात्रीसुद्धा, वेग मिळणे अशक्य असणे वेगळे. ही ढाल पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही.

दाद मागण्याची वाट वाकडी आहे. आधी कंपनीचे तक्रार केंद्र, मग अपील, तेही कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. तरीही एक दार उघडे आहे. टेलिफोन कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक मंचांपुढे चालू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिला. म्हणून तक्रारीचा क्रमांक, बिल आणि `Link speed` चे छायाचित्र जपून ठेवावे, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

पण एकेकाने लढून ही लूट थांबणार नाही. पेटी नवा वेग पेलते की नाही हे तपासल्याशिवाय वाढीव पैसे घेण्यास बंदी असावी. पेलत नसेल, तर ती विनामूल्य बदलावी. आणि प्लॅन बदलल्या दिवसापासून पेटी बदलेपर्यंतचा फरक, न मागता, परत करावा. यात औदार्याची याचना नाही. न दिलेल्या मालाचे पैसे परत करा, एवढेच आमचे म्हणणे आहे.