पैसे घेताना पिन कशाला?

इंद्रलोकमधील एखाद्या भांड्यांच्या दुकानात फोन येतो, असे समजा. ग्राहक स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो, घासाघीस न करता ८,००० रुपयांचा माल मागवतो आणि ‘आमच्या कार्यालयाची पद्धत’ म्हणून क्यूआर कोड पाठवतो. आधी १ रुपयाचा कोड स्कॅन करवून तो २ रुपये परत करतो. विश्वास बसतो. पुढचा कोड ८,००० रुपयांचा असतो. दुकानदार पिन टाकतो आणि रक्कम त्याच्याच खात्यातून जाते.

कारण साधे आहे. अशा कोडमध्ये पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता व रक्कम लिहिलेली असते. स्कॅन करणारा नेहमी देणाराच ठरतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पडद्यावर ‘Pay’ दिसताच थांबावे.

गल्ल्यावरील कोडवर कोणी परका स्टिकर चिकटवलेला नाही ना, हेही रोज दुकान उघडताना स्वतः स्कॅन करून, दिसणारे नाव वाचून तपासावे. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वीच ती गोठवता येते.