रिकाम्या जागेचा न्याय

उताऱ्यातील रिकाम्या जागेची उत्तरे तपासताना, ‘वाचायला बरे वाटते’ एवढ्यावर खूण करू नये. एक उदाहरण पाहू.

‘आजीने सकाळी लिंबूपाणी घेऊन उपवास ____. तीन दिवसांचा संकल्प पूर्ण झाला होता.’ पर्याय असे: सोडली, उघडला, मोडला, सोडला.

पहिली कसोटी व्याकरणाची. ‘आजी’ स्त्रीलिंगी म्हणून अनेक मुले ‘सोडली’ निवडतात. परंतु कर्त्याला ‘ने’ लागला आहे. येथे क्रियापद कर्माच्या मागे जाते. कर्म ‘उपवास’, म्हणजे पुल्लिंगी. ‘सोडली’ बाद झाले.

दुसरी कसोटी शब्दांच्या सहवासाची. ‘उघडला’ व्याकरणाने निर्दोष आहे. पण मराठीत दार उघडतात, उपवास उघडत नाहीत. याला नियम नाही, केवळ रूढी आहे. म्हणून हा पर्याय नियमाने नव्हे, कानाने ओळखावा लागतो.

उरले ‘मोडला’ आणि ‘सोडला’. दोन्ही रूढ आहेत. मुदतीआधी खाल्ले तर उपवास मोडतो; मुदत संपल्यावर तो सोडतात. निर्णय पुढचे वाक्य देते: संकल्प पूर्ण झाला होता, म्हणून ‘सोडला’. तेथे ‘अजून एक दिवस बाकी होता’ असे असते, तर ‘मोडला’ हेच खरे उत्तर ठरले असते.

आणि पुढचे वाक्यच छापले नसते तर? मग दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत. तेथे चूक मुलाची नसून प्रश्नाची असते.