आधी अंघोळीचं विचारा

डेन्व्हरहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय, आणि तपासण्यांच्या घाईबद्दलचा माझा जुना राग पुन्हा उफाळून आला आहे. त्यांच्या तरुण मुलाला वर्षभर उलट्यांचे झटके येताहेत. पहाटे मळमळायला लागतं, मग दोन-दोन दिवस पोटात पाणीही ठरत नाही. दुर्बीण घालून झाली, सीटी स्कॅन झाला, सगळं नॉर्मल. दर खेपेला सलाईन, ऑनडॅनसेट्रॉनचं इंजेक्शन आणि घरी. पत्राच्या शेवटी बाईंनी सहज लिहावं तसं लिहिलंय की झटका आला की तो तासन्‌तास गरम शॉवरखाली बसून राहतो, पाठ लालबुंद होते, आणि टाकीतलं गरम पाणी संपलं की पुन्हा उमाळे सुरू होतात. गांजा तो कॉलेजपासून रोज ओढतो. पण कोलोरॅडोत तो कायदेशीर आहे, शिवाय त्यानेच जरा बरं वाटतं असं त्याचं म्हणणं.

निदानाची दिशा या शेवटच्या ओळींत आहे, आणि त्या वर्षभरात एकाही डॉक्टरने विचारून काढून घेतल्या नाहीत. गांजाने होणारा हा उलट्यांचा आजार काही काल सापडलेला नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या डोंगराळ भागातल्या डॉक्टरांनी 2004 साली अशा रुग्णांवर लेख लिहिला. सगळ्यांचा गांजा उलट्यांच्या कितीतरी आधीपासूनचा. सात जणांनी तो सोडला, उलट्या थांबल्या. तिघांनी काही काळाने पुन्हा सुरू केला आणि तिघांच्याही उलट्या परत आल्या. त्यातल्या दोघांनी पुन्हा सोडला, तेव्हा ते पुन्हा बरे झाले. बहुतेकांना गरम पाण्याने अंघोळ करत राहायची विलक्षण ओढ होती, आणि हा धागा त्या डॉक्टरांनी हातचा जाऊ दिला नाही.

गांजातल्या टीएचसीचंच औषध केमोथेरपीच्या उलट्यांवर 1985 पासून दिलं जातं, म्हणून कुणाला गांजाचा संशय येत नाही. थोड्या मात्रेत टीएचसी मेंदूतली उलटीची यंत्रणा शांत करतं. पण त्याला ओळखणारे ग्राहक आतड्यातही आहेत, आणि तिथे ते जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर ओढलं की मेंदूतले ग्राहक बधिर होतात आणि मेंदूकडून मिळणारा आराम आटतो, असा आजचा अंदाज आहे. मोजक्याच लोकांना हे का होतं, ते मात्र अजून उलगडलेलं नाही.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती गरम पाणी आणि मिरची यांची जोडी. कातडीतल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-1 नावाचा एक ग्राहक असतो. साधारण 42-43 अंशांच्या पुढची उष्णता तो ओळखतो, आणि मिरचीतलं कॅप्सेसिनही तोच ओळखतो. या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल वाटून मिळालं. आता अपघात विभागांत काही डॉक्टर अशा रुग्णाच्या पोटावर कॅप्सेसिनचं मलम चोळतात, आणि कित्येकांची मळमळ उतरते. म्हणजे शॉवरखाली बसलेला पोरगा अडाणीपणाने का होईना, तेच बटण दाबत होता. दुसरं एक मत असं, की उष्णतेने रक्त आतड्यांकडून कातडीकडे वळतं आणि त्याने आराम पडतो. मला पहिलं मत पटतं, कारण वीतभर कातडीवर लावलेल्या मलमाने आतड्यांचं रक्त इतकं वळेल असं वाटत नाही. पुरावा अजून तोकडा आहे, मलमाच्या चाचण्या लहान आहेत, तरी माझा कौल तिकडेच. शॉवरचा आराम वरवरचा, पाणी बंद केलं की संपणारा, हेही त्याच्याशी जुळतं.

एक सावधगिरी. गांजाला हातही न लावणाऱ्या, चक्रीय उलट्यांच्या काही रुग्णांनाही गरम अंघोळीने बरं वाटतं. त्यामुळे शॉवर ही खूण आहे, शिक्कामोर्तब गांजा सोडल्यावरच होतं. तेही आठवड्याभरात नाही. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू उतरतं, शिवाय झटक्यांमध्ये एरवीही महिन्या-महिन्याची फट असते. म्हणून किमान सहा महिने, किंवा नेहमीच्या तीन झटक्यांच्या फेऱ्या होतील इतका काळ, पूर्ण बंद ठेवून पाहावं लागतं. 'कमी केलाय' हे उत्तर इथे चालत नाही.

बाई, पुढच्या झटक्यात डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात गांजा आणि शॉवर दोन्ही सांगा. ऑनडॅनसेट्रॉनने भागत नसेल तर हॅलोपेरिडॉलचं विचारा. कॅनडातल्या एका चाचणीत ते या आजारात सरस ठरलं. गुंगीच्या वेदनाशामकांचा आग्रह धरू नका, त्यांनी जठर आणखी मंदावतं. आणि तासन्‌तास गरम पाण्यात घाम जातो, उलट्यांत पाणी जातं, त्यात मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण आहेत. लघवी गडद झाली किंवा थांबली, तर त्याला शॉवरमधून उठवून थेट इस्पितळात न्या.