चूक दाखवली म्हणजे दुरुस्ती झाली नाही

मित्राच्या कथासंग्रहाचं प्रूफ मी तपासलं. पीडीएफ लॉक होती, म्हणून चुकांची यादी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यात एक नोंद होती: 'पान 41, दीन नको, दिन हवं.' त्या पानावर 'शिक्षक दीन' चुकलं होतं. चार ओळी खाली 'दीन चेहरा' होता, तो बरोबर होता. मित्राने नेमका खालचा बदलला. पुस्तकात आता दोन चुका आहेत, आणि दुसरी माझी आहे.

हो, माझीच. लेखकाला निष्काळजी म्हणणं सोपं आहे. पण जी दुरुस्ती लावताना लेखकाला अंदाज करावा लागतो, ती अर्धवटच असते.

'पण फाइल लॉक होती ना!' ही सबब मीही दिली होती. पीडीएफचं लॉक सरसकट नसतं. मजकूर बदलायला बंदी आणि कमेंटला परवानगी, असं एकाच फाइलमध्ये असू शकतं. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या Properties मधला Security टॅब उघडा. तिथे Commenting समोर Allowed दिसलं, तर आपलं काम होतं. Not Allowed असेल, तर लेखकाकडून कमेंट चालणारी प्रत मागा.

मग चुकलेला शब्द सिलेक्ट करून Replace text वापरायचं. जुना शब्द खोडलेला दिसतो आणि नवा कमेंटमध्ये जातो. तिथे 'दुसरी वेलांटी पहिली करा' असं लिहू नका. 'दिन' असा पूर्ण शब्द टाइप करा, म्हणजे लेखकाला तो तसाच कॉपी करता येईल. एका चुकीला एकच कमेंट. शंका असेल तर शब्द खोडू नका, वेगळी नोट लावून प्रश्न विचारा. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये Replace text नसेल, तर शब्दावर काट मारा आणि त्या काटेच्याच नोटमध्ये नवा शब्द लिहा.

पाठवताना फाइल सेव्ह करून तीच पाठवा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं तर खुणा चित्रासारख्या उरतात आणि लेखकाकडे कमेंटची यादी रिकामी दिसते. यादी शाबूत असेल, तर तो एकेका कमेंटवर क्लिक करून थेट त्या शब्दावर पोचतो आणि झालेल्या कमेंटवर टिक करत जातो.

काही हुशार लोक लॉक तोडून परस्पर दुरुस्ती करतात. मला हे यादीपेक्षा वाईट वाटतं. मूळ मजकूर लेखकाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतो, त्यामुळे पुढची पीडीएफ निघाली की जुन्या चुका परत येतात. शिवाय त्याला नको असलेला बदल नाकारताही येत नाही, कारण तो झालाय हेच त्याला कळत नाही.

'शिक्षक दीन' लिहिणारा माझा मित्र होता. 'दिन चेहरा' मात्र माझ्या यादीने छापला.