चव गेली, तिखट मात्र कळते

वाचकहो, ‘तोंडाला चव नाही’ असे घरातील वृद्ध म्हणाले, की त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा : ठेचा झोंबतो का? तिखट ही चव नव्हे, ती दाहाची संवेदना होय. जिभेच्या पुढील भागात चव आणि दाह यांचे मज्जातंतू निरनिराळे असतात.

आरशात जीभ पाहिल्यास तिच्यावर खरखरीत मखमल दिसते. हे तंतूंसारखे बारीक उंचवटे घास धरून ठेवतात. त्यांत चव घेणारी यंत्रणा नसते. शेंड्याकडे व कडेला जे लाल ठिपके दिसतात, त्यांत रुचिकलिका असतात. प्रत्येक कलिकेत सुमारे ५० ते १०० पेशी लसणाच्या पाकळ्यांप्रमाणे एकत्र बसलेल्या असून वर एक सूक्ष्म छिद्र असते. लाळेत विरघळलेले अन्नच त्यातून आत पोहोचते. म्हणून तोंड कोरडे पडले की चव मंदावते. जिभेच्या मागील बाजूस साधारण ८ ते १२ मोठे गोल उंचवटे एका कोनात मांडलेले असतात. त्यांना गाठी समजून घाबरू नये.

गेवराई तालुक्यातील एका आजोबांचे उदाहरण पाहू. सकाळी चूळ भरताना त्यांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी गळू लागले. उजवा डोळा मिटेना, कपाळाला त्या बाजूस आठ्या पडेनात. जीभ बाहेर ठेवूनच पुढील उजव्या कडेला मिठाच्या पाण्याचा बोळा लावला, तेव्हा त्यांना खारटपणा कळला नाही; डावीकडे तत्काळ कळला. बोळ्याचा स्पर्श मात्र दोन्हीकडे जाणवला, आणि ठेचाही झोंबत होता.

याचे कारण असे : पुढील दोन तृतीयांश जिभेचा स्पर्श व दाह पाचव्या मस्तिष्क-मज्जातंतूकडून जातो. चवीचे तंतू थोडे अंतर त्याच्याच सोबत जातात, मग वेगळे होऊन कानाच्या पडद्यामागून चेहऱ्याच्या, म्हणजे सातव्या, मज्जातंतूला मिळतात. आजोबांचा हाच मज्जातंतू हाडाच्या अरुंद बोगद्यात सुजला होता. या विकारास बेल्स पाल्सी म्हणतात. मागील एक तृतीयांश भागात चव आणि स्पर्श दोन्ही नवव्या मज्जातंतूकडे असल्याने त्यांचे जेवण अगदीच बेचव झाले नव्हते. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले, उघड्या डोळ्याची काळजी घेतली गेली, आणि काही आठवड्यांत चव परतली.

पक्षाघातात कपाळाला बहुधा आठ्या पडतात, पण हा निवाडा घरी करू नका. चेहरा अचानक वाकडा झाल्यास, विशेषतः हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. याउलट, जिभेच्या एका बाजूस स्पर्शच कळेनासा झाला, अथवा तेथील व्रण ३ आठवड्यांत भरला नाही, तर त्यास चवीची तक्रार समजून घरगुती उपाय करत बसू नये. डॉक्टरांकडून जीभ तपासून घ्यावी.