पावणेचार विसरू नका, तेच कामाला येतात

इंग्रजीत वेळ सांगताना मुलं अडखळली की बऱ्याच शिक्षकांचं निदान ठरलेलं असतं: "डोक्यातले सव्वा-पावणे काढून टाका, तेच आडवे येतात." पालकही मग घरात 'थ्री फॉर्टी-फाइव्ह' सुरू करतात. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना माझं मत नेमकं उलट झालं आहे. आडवे येणारे शब्द फक्त चार आहेत. बाकीचे उलट मदतच करतात.

शब्दांची मुळं बघा. सव्वा म्हणजे सपाद, पाव भाग जास्त. साडे म्हणजे सार्ध, अर्धा जास्त. पावणे म्हणजे पादोन, पाव कमी. इंग्रजीतले 'क्वार्टर पास्ट', 'हाफ पास्ट' आणि 'क्वार्टर टू' हेच सांगतात, आणि क्रमही तोच ठेवतात: आधी भाग, मग तास. सव्वातीन, क्वार्टर पास्ट थ्री. पावणेचार, क्वार्टर टू फोर. उर्दूतल्या सवा तीन, साढे तीन, पौने चारचंही तसंच.

मग मूल ३:४५ ला 'क्वार्टर टू थ्री' का म्हणतं? कारण ते पावणेचारवरून आलेलंच नसतं. डिजिटल घड्याळात पुढे तीन दिसला, त्यानं तीन उचलला. ज्या मुलाच्या तोंडी पावणेचार पक्कं आहे, त्याच्या हातात 'चार' आयताच असतो. म्हणजे ही चूक मराठीमुळे होत नाही, मराठी सुटल्यामुळे होते.

खरी अडचण दुपारी पाऊण ते अडीच या वेळात आहे. पाऊण, सव्वा, दीड, अडीच या चार शब्दांत तासाचं नावच नाही. १२:४५ ला आपण नुसतं 'पाऊण वाजला' म्हणतो, १:१५ ला 'सव्वा वाजला'. दीडमध्ये एक ऐकू येत नाही, अडीचमध्ये दोन ऐकू येत नाही. उर्दूत डेढ आणि ढाईचं तेच. म्हणून सकाळी साडेनऊला बरोबर बोलणारं मूल दीड वाजता गडबडतं आणि 'हाफ टू टू' म्हणून मोकळं होतं.

त्या 'हाफ टू'ला हसू नये. अडीच हा शब्द 'अर्धतृतीय'वरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन माणूस साडेतीनला आजही 'अर्धे चार' अशा अर्थानं 'हाल्ब फिअर' म्हणतो. बरोबर मध्यावर काटा असला की मागचा तास धरायचा की पुढचा, हा त्या त्या भाषेचा रिवाज. इंग्रजीनं मागचा धरला, म्हणून तिथे 'हाफ' कायम 'पास्ट'सोबत जातो आणि 'टू'सोबत कधीच जात नाही.

उपाय साधा आहे. लहान मुलं बोलायला शिकताना 'साडेएक', 'साडेदोन' म्हणतात आणि आपण त्यांना लगेच सुधारतो. वर्गात तेच शब्द पाच मिनिटांसाठी परत आणावेत. समजा आळेफाट्याच्या एसटी स्टँडवर कुणी सांगितलं, "गाडी पाऊणला आहे." मुलानं आधी विचारायचं, पाव कमी, पण कितीला? एकला. म्हणजे पावणेएक. आता पावणेचं क्वार्टर टू आणि एकचं वन: क्वार्टर टू वन. तसंच सव्वाचं सव्वाएक, क्वार्टर पास्ट वन. दीडचं साडेएक, हाफ पास्ट वन. अडीचचं साडेदोन, हाफ पास्ट टू. जुम्म्याची जमात दीडला असेल, तर त्या दिवशी घरीही हा सराव होतो.

या पुलाची हद्दही सांगायला हवी. आपले साडे आणि सव्वा किलोलाही चालतात, रुपयालाही. इंग्रजीतलं 'हाफ पास्ट' फक्त घड्याळाचं. साडेतीन किलो म्हणजे 'थ्री अँड अ हाफ', आणि तेच वेळेला लावून 'थ्री अँड अ हाफ ओ'क्लॉक' म्हटलं की चुकलं. सुट्या मिनिटांना मात्र मराठी पुन्हा साथ देते: 'तीन वाजून दहा' मधलं 'वाजून' म्हणजे पास्ट, 'चार वाजायला दहा' मधलं 'वाजायला' म्हणजे टू.

'थ्री फॉर्टी-फाइव्ह' चूक नाही, पण ते नुसतं आकडे वाचणं आहे. तेवढंच शिकलेल्या मुलाला आजीनं "पावणेचारला उठव" सांगितलं तर कळत नाही, आणि इंग्रजी धड्यातलं 'क्वार्टर टू फोर'ही कळत नाही. एक भाषा सोडून दुसरी मिळवायला निघालेल्या मुलाचे दोन्हीकडचे पावणेचार हुकतात. म्हणून घरात वेळ विचारली की पावणेचारच सांगा. इंग्रजीचं निम्मं काम तिथेच होतं.